राजीनाम्याआधीचा एक ई-मेल: मेडिक्लेम कधीपासून, पीएफ कशावर, ग्रॅच्युइटी किती

माझ्या भाचीला फेब्रुवारीत पुण्यातल्याच दुसऱ्या कंपनीची ऑफर आली. गुरुवारी पत्र आलं आणि सोमवारपर्यंत होकार हवा होता. तिने मला फोन केला तो सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, सांगायला: "मामा, नऊ साठ." आताच्या नोकरीपेक्षा चांगली वाढ होती. मी विचारलं, आई-बाबांचा मेडिक्लेम कधीपासून? ती म्हणाली, "एचआर म्हणाली, डे वन पासून."

पगारपत्रकं आणि कर्मचाऱ्यांच्या विम्याच्या याद्या हेच काम मी सोळा वर्षं केलं आहे, त्यामुळे 'डे वन' हा शब्द ऐकला की मी लगेच पुढचा प्रश्न विचारतो: कोणाच्या डे वन पासून? तुझ्या, तुझ्या बाबांच्या, की विमा कंपनीकडे यादी पोचली त्या दिवसाच्या? तिला माहीत नव्हतं. ज्या बाईंनी सांगितलं त्यांनाही बहुधा माहीत नसावं, कारण भरतीचं काम पाहणारी माणसं वेगळी आणि पॉलिसी सांभाळणारी वेगळी असतात.

म्हणून आम्ही दोघांनी बसून एक मेल लिहिला. तो कसा लिहिला, उत्तरं काय आली आणि ती कशी वाचायची, ते इथे सांगतो. उदाहरण तिचंच घेतो.

मेल कधी आणि कोणाला

योग्य वेळ म्हणजे ऑफर लेटर हातात पडल्यानंतर आणि 'अॅक्सेप्ट' दाबण्याआधी. त्याआधी विचारलं तर कंपनीला अजून तुम्ही हवे आहात की नाही हेच ठरलेलं नसतं. सही करून राजीनामा दिल्यावर विचारलं तर उत्तर काहीही आलं तरी तुम्हाला मान डोलवावी लागते. ऑफरला मुदत तीन-चार दिवसांचीच असेल तर पहिल्याच दिवशी मेल टाका आणि त्यातच लिहा की उत्तर मिळाल्यावर लगेच कळवतो. अशा कारणासाठी दोन दिवस वाढवून मागितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

मेल कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर जायला हवा. मध्ये कन्सल्टन्सी असेल तर त्यांना कॉपीत ठेवा, पण त्यांचं उत्तर धरू नका. त्यांचा मोबदला तुम्ही रुजू झाल्यावर मिळतो, आणि कंपनीच्या पॉलिसीबद्दल त्यांनी लिहिलेल्या वाक्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेलं 'यस डिअर, ऑल कव्हर्ड' याच जातीचं.

कंपनीतला पत्रव्यवहार बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालतो, तसा तुम्हीही करा. पण प्रश्न आधी मराठीत स्वतःशी स्पष्ट झाले तर इंग्रजी साधं राहतं. भाचीच्या मेलचा मजकूर साधारण असा होता:

> नमस्कार मॅडम,
>
> ऑफर मिळाली, आभारी आहे. मला ती स्वीकारायची आहे. त्याआधी खालील बाबी कृपया लेखी कळवाल का?
>
> १. ग्रुप मेडिक्लेममध्ये माझं संरक्षण रुजू होण्याच्या तारखेपासून सुरू होतं की विमा कंपनीकडे नाव नोंदवल्याच्या तारखेपासून?
>
> २. आई-वडिलांना त्यात घेता येतं का? त्यांचं संरक्षण नेमक्या कोणत्या तारखेपासून सुरू होईल, त्यांचा हप्ता कोण भरतं, आणि नाव नोंदवायला रुजू झाल्यापासून किती दिवस मिळतात?
>
> ३. आधीपासून असलेल्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का? आई-वडिलांच्या क्लेममध्ये किती टक्के रक्कम आम्हाला भरावी लागते?
>
> ४. पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जाईल की ₹१५,००० च्या मर्यादेवर? कंपनीचा वाटा आणि प्रशासकीय शुल्क सीटीसीमध्ये धरलं आहे का?
>
> ५. सीटीसीमध्ये ग्रॅच्युइटीची रक्कम धरली आहे का? असल्यास किती?
>
> ६. माझी नेमणूक थेट कंपनीच्या पगारपत्रकावर आणि कायमस्वरूपी आहे ना? ग्रॅच्युइटीसाठी सेवा कोणत्या तारखेपासून मोजली जाईल?
>
> ही उत्तरं ऑफर लेटरच्या परिशिष्टात घालता आली तर उत्तम.

प्रश्न सहाच ठेवा. वीस प्रश्नांच्या मेलला 'आमच्या धोरणानुसार सर्व सुविधा मिळतील' असं एका ओळीचं उत्तर येतं.

शेवटची ओळ विनवणीसारखी वाटते, पण मेलमधली सर्वात कामाची ओळ तीच आहे. पुष्कळ नेमणूक पत्रांत एक कलम असतं: या पत्राआधी झालेली सर्व बोलणी, पत्रव्यवहार आणि आश्वासनं रद्द समजावीत. ते कलम असेल तर एचआरच्या मेलचं वजन तुम्ही नेमणूक पत्रावर सही करता त्या क्षणी बरंच कमी होतं. उत्तर परिशिष्टात आलं तर ते पत्राचाच भाग बनतं.

आणि फोन आला तर? येतोच. 'मेलवर कशाला, मी सांगते ना' म्हणून फोन येतो. शांतपणे ऐका, लिहून घ्या आणि अर्ध्या तासात मेल टाका: 'आज फोनवर आपण सांगितलंत त्यानुसार आई-वडिलांचं संरक्षण अमुक तारखेपासून आहे. काही चुकीचं असल्यास कृपया कळवावं.' परिशिष्टाइतकं भक्कम नाही, पण नुसत्या आठवणीपेक्षा बरं.

मेडिक्लेम: तारीख कोणाची?

ग्रुप मेडिक्लेम म्हणजे कंपनीने वर्षभरासाठी काढलेली एक पॉलिसी. नवीन माणूस आला की तो त्या चालू पॉलिसीत जोडावा लागतो. एचआर दर आठवड्याला किंवा महिन्यातून एकदा नव्या माणसांची यादी ब्रोकरमार्फत विमा कंपनीकडे पाठवतं, विमा कंपनी त्यांची नावं जोडून घेते, मग विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएकडून ई-कार्ड येतं. कंपनीने विमा कंपनीकडे आगाऊ ठेव ठेवलेली असते आणि नव्या नावांचा हप्ता त्यातून वळता होतो. ठेव संपली असेल तर जोडणी अडकते. हे सगळं पडद्यामागे चालतं. तुमच्या दृष्टीने प्रश्न एकच असतो: नाव जोडलं ती तारीख काहीही असो, संरक्षण मागे जाऊन रुजू झालेल्या दिवसापासून धरलं जातं का? बऱ्याच पॉलिसींत धरलं जातं. काहींत धरलं जात नाही.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. त्या कंपनीत मी दर महिन्याच्या पंचवीस तारखेला यादी पाठवायचो. एक मुलगा सत्तावीसला रुजू झाला, म्हणजे त्याचं नाव पुढच्या पंचवीसला जाणार. मधल्या काळात त्याला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल करावं लागलं. आमच्या पॉलिसीत संरक्षण नाव जोडल्याच्या तारखेपासून होतं, त्यामुळे क्लेम आला तेव्हा त्याचं नाव पॉलिसीत नव्हतंच. बिल त्याने स्वतः भरलं. पुढे कंपनीने त्यातली अर्धी रक्कम दिली, तीही बरीच पत्रापत्री झाल्यावर. त्यानंतर आम्ही यादी दर सोमवारी पाठवायला लागलो, पण त्याला त्याचा उपयोग नव्हता.

भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आलं: कर्मचाऱ्याचं संरक्षण रुजू होण्याच्या तारखेपासून. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात खरी मेख होती. आई-वडिलांना ऐच्छिक म्हणून घेता येतं, हप्ता पगारातून कापला जातो, रुजू झाल्यापासून तीस दिवसांत पोर्टलवर नावं भरायची, आणि त्यांचं संरक्षण नावं भरल्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेपासून. तीस दिवस हुकले तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबायचं.

आता तारखा मांडून पाहा. तिचा नोटीस कालावधी साठ दिवसांचा. २ मार्चला राजीनामा दिला असता तर जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस गुरुवार, ३० एप्रिल. १ मे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मग शनिवार-रविवार, आणि नवीन कंपनीत रुजू सोमवारी, ४ मे रोजी. जुन्या कंपनीचं संरक्षण शेवटच्या दिवशी संपतं. म्हणजे तिला स्वतःला तीन दिवस कोणाचंच छत्र नाही. आई-बाबांना मात्र, तिने पहिल्याच दिवशी पोर्टल भरलं तरी, १ जूनपर्यंत नाही: पूर्ण एक महिना. आमच्या दाजींना २०२३ मध्ये स्टेंट टाकला आहे. त्यांच्या बाबतीत एक महिना म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे.

'डे वन' हे उत्तर खोटं नव्हतं. ते फक्त तिच्यापुरतं खरं होतं.

अशी फट दिसली तर करण्यासारख्या गोष्टी तीन. जुन्या कंपनीत विचारा की संरक्षण शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं, महिनाअखेर संपतं की पॉलिसी संपेपर्यंत चालतं. काही ठिकाणी महिनाअखेरपर्यंत असतं, आणि तेवढ्यावरून शेवटचा दिवस महिन्याच्या सुरुवातीला घ्यावा की शेवटी, हे ठरवता येतं. दुसरं, नव्या कंपनीला विचारा की आई-वडिलांची नावं रुजू होण्याआधी पाठवली तर संरक्षण रुजू तारखेपासून मिळेल का. भाचीने हे विचारलं आणि उत्तर आलं, 'ब्रोकरला विचारून सांगतो', आणि दोन दिवसांनी 'हो'. न विचारता हे कोणी सांगितलं नसतं. तिसरं, घरात मोठ्या आजाराचं माणूस असेल तर त्यांची स्वतंत्र वैयक्तिक पॉलिसी असणं. पण ती या एका महिन्यासाठी आयत्या वेळी काढण्याची गोष्ट नाही. तिथे सुरुवातीचे तीस दिवस अपघात सोडून बाकी आजारांना संरक्षण नसतं आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

तिसऱ्या प्रश्नाचं कारणही तेच. ग्रुप पॉलिसीत ही प्रतीक्षा सहसा माफ केलेली असते, म्हणूनच तर तिची किंमत. पण 'सहसा' यावर विसंबू नका. आई-वडिलांच्या क्लेममध्ये वीस टक्के आपल्याकडून, अशी अट असणाऱ्या पॉलिसी बऱ्याच असतात, आणि तीन लाखांच्या बिलावर ते साठ हजार होतात. घरात बाळ येणार असेल तर प्रसूतीसाठी नऊ महिन्यांची प्रतीक्षा आहे की नाही, आणि नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, हेही याच प्रश्नात जोडा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. एचआरचा मेल विमा कंपनीला बांधत नाही. क्लेमच्या वेळी पॉलिसीतला शब्द चालतो. मेलमुळे फार तर तुमच्या कंपनीला जाब विचारता येतो. म्हणून उत्तराबरोबर पॉलिसीचा सारांश मागा. सुविधांचा दोन पानी तक्ता असतो आणि तो द्यायला कोणाची हरकत नसते.

ज्यांचा पगार महिना ₹२१,००० पर्यंत आहे त्यांचं गणित निराळं आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असलेल्या आस्थापनेत ते ईएसआयमध्ये येतात: पगारातून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. तिथे विचारायचं एवढंच की नोंदणी रुजू झाल्याच्या दिवशीच होईल ना आणि विमाक्रमांक कधी मिळेल. उपचारांचा हक्क नोकरी लागल्यापासून असतो. आजारपणाच्या रजेचे पैसे मात्र ठरावीक दिवस वर्गणी भरल्यावरच मिळतात.

पीएफ: १,८०० की ४,८००?

वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. दोघांचा वाटा बारा-बारा टक्के. पण बारा टक्के कशाचे, हा खरा प्रश्न. कायद्याने सक्तीची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून महिना ₹१५,००० आहे. बेसिक त्याहून जास्त असेल तर कंपनी १५,००० वर बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरून मोकळी होऊ शकते, किंवा पूर्ण बेसिकवर भरू शकते. दोन्ही कायदेशीर आहे. ऑफर लेटरमध्ये मात्र नुसतं 'नियमानुसार पीएफ' असं लिहिलेलं असतं.

भाचीचा तक्ता असा होता. सीटीसी ₹९,६०,०००, म्हणजे महिना ८०,०००. बेसिक ४०,०००. ग्रॅच्युइटीपोटी १,९२३ आणि तिच्या विम्याच्या हप्त्यापोटी १,००० सीटीसीमध्येच धरलेले. कंपनीचा पीएफ वाटाही सीटीसीमध्येच.

पीएफ पूर्ण बेसिकवर असेल तर कंपनीचा वाटा ४,८००. ८०,००० मधून ४,८००, १,९२३ आणि १,००० वजा केले की पगारपत्रकावरचा ढोबळ पगार ७२,२७७. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात ६७,२७७. पीएफ मर्यादेवर असेल तर कंपनीचा वाटा १,८००, ढोबळ पगार ७५,२७७, आणि १,८०० व २०० कापून हातात ७३,२७७. नव्या करप्रणालीत या पगारावर प्राप्तिकर लागत नाही, म्हणून तो इथे मांडला नाही. आई-बाबांचा ऐच्छिक हप्ताही दोन्हीकडे सारखाच, तोही वगळला आहे.

दोन्हींत महिना सहा हजारांचा फरक पडला. पण कंपनीचा खर्च दोन्हीकडे तोच, ८०,०००. पहिल्या प्रकारात महिन्याला ९,६०० रुपये पीएफ खात्यात जातात, दुसऱ्यात ३,६००. सहा हजार कुठे नाहीसे होत नाहीत, ते खिशात येतात की खात्यात जातात एवढंच. त्यामुळे 'आमच्याकडे इन-हँड जास्त आहे' असं एखादी कंपनी सांगते तेव्हा आधी पाहा की ती पीएफ १,८०० वर धरून सांगते आहे का. दोन ऑफरींची तुलना करताना दोन्ही एकाच आधारावर आणल्याशिवाय आकडे बोलत नाहीत.

कोणतं चांगलं? माझं मत विचाराल तर पंचविशीतल्या, घराचा हप्ता नसलेल्या माणसाने पूर्ण बेसिकवर घ्यावं. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं आणि हातात आलेले सहा हजार बाजूला पडतातच असं नाही. पण भाचीने मर्यादेवर घेतलं, कारण तिच्यावर घराचा हप्ता आहे. ते तिचं गणित. महत्त्वाचं हे की निवड रुजू होतानाच करावी लागते. एकदा पूर्ण बेसिकवर सुरू केलं की मधेच १,८०० वर आणायला बहुतेक कंपन्या तयार होत नाहीत.

कंपनीच्या वाट्याबरोबर प्रशासकीय शुल्क आणि ठेव-संलग्न विम्याची वर्गणी असा आणखी एक टक्का मालकाला भरावा लागतो. काही कंपन्या तोही सीटीसीमध्ये घालतात. मर्यादेवर तो महिना दीडशे रुपये असतो. भांडण्यासारखी रक्कम नाही, फक्त तक्त्यात १,८०० ऐवजी १,९५० दिसले तर दचकू नका.

आणखी एक वाक्य कानावर येतं: 'पीएफ नको असेल तर नका घेऊ.' तुमचं पीएफ खातं आधीपासून चालू असेल तर, पगार कितीही असो, पीएफ लागू असलेल्या कंपनीत हा पर्याय तुम्हाला नाही. पहिलीच नोकरी आणि बेसिक १५,००० च्या वर असेल तरच बाहेर राहता येतं. रुजू होताना पीएफच्या फॉर्म ११ मध्ये आधीचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, खरा लिहा. दुसरा यूएएन तयार झाला की मग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणता आणता वर्ष जातं.

पेन्शनचंही तिथेच ठरतं. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हाच पगार १५,००० च्या वर असलेल्या माणसाला पेन्शन योजना लागू नाही, कंपनीचा सगळा वाटा त्याच्या पीएफमध्ये जायला हवा. बाकीच्यांचे १,२५० रुपये पेन्शनकडे वळतात. पगारखात्यातल्या कोणी चुकून सगळ्यांचेच १,२५० पेन्शनमध्ये टाकले तर ते पहिली काही वर्षं कळतच नाही. पैसे काढायला जाता तेव्हा अर्ज फेटाळला जातो. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, तो पहिल्याच महिन्यात बघा.

ग्रॅच्युइटी: नवी कंपनी देईल ती आणि जुन्या कंपनीत सोडून येता ती

या भागासाठीच खरं तर हा लेख लिहितो आहे, कारण लोक नव्या कंपनीची ग्रॅच्युइटी विचारतात आणि जुन्या कंपनीतली विसरतात.

आधी नवी. तिच्या तक्त्यात महिना १,९२३ रुपये ग्रॅच्युइटी म्हणून धरले होते. हे बेसिकच्या ४.८१ टक्के. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे सव्वीस दिवस धरून काढला की हाच आकडा येतो. पण ही रक्कम दर महिन्याला मिळत नाही, कुठल्या खात्यातही तुमच्या नावाने जमा होत नाही. पाच वर्षं पूर्ण केलीत तर शेवटच्या पगारावर हिशोब होऊन मिळते. तीन वर्षांत सोडलंत तर शून्य. म्हणजे सीटीसीतले वर्षाचे साधारण तेवीस हजार जर-तरचे आहेत. तुलना करताना ते वजा करा: तिचे नऊ साठ खऱ्या अर्थाने नऊ सदतीस होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा तिच्यात सामावला गेला. 'आता एका वर्षात ग्रॅच्युइटी' असे संदेश तेव्हा सगळीकडे फिरले. ते खरं आहे ते फक्त ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांसाठी. कायम नोकरीत पाच वर्षांची अट तशीच आहे (मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ती अट लागत नाही, हे पूर्वीही होतं). म्हणून सहावा प्रश्न. तुमचं पत्र मुदतीच्या कराराचं असेल किंवा पगार एखादा ठेकेदार देणार असेल तर ग्रॅच्युइटी कोण देणार आणि करार नवा झाल्यावर सेवा सलग धरणार का, हे लेखी घ्या. एकाच समूहातल्या एका कंपनीतून दुसरीत जात असाल तर मूळ रुजू तारीख कायम राहील, अशी ओळ पत्रात मागून घ्या. ती नसेल तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

संहितेने दुसरी एक गोष्ट बदलली. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक मुद्दाम तीस टक्के ठेवून ग्रॅच्युइटी कमी करण्याची जुनी रीत त्यामुळे चालत नाही. तक्त्यात बेसिक निम्म्याहून बरंच कमी दिसलं तर पाचव्या प्रश्नात हिशोब कशावर धरला तेही विचारा.

आता जुनी कंपनी. भाची तिथे २ ऑगस्ट २०२१ रोजी रुजू झाली. ३० एप्रिलला सोडलं असतं तर सेवा चार वर्षं नऊ महिने. बेसिक ३२,०००. सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून हिशोब पाच वर्षांचा: ३२,००० × १५ ÷ २६ × ५ = ९२,३०८ रुपये. पण हे वर्ष पूर्ण धरणं पाच वर्षांची अट पार केल्यावरचं आहे. अट पार झाली का, हाच वाद.

'चार वर्षं दोनशे चाळीस दिवस झाले की पुरे' असं तुम्ही ऐकलं असेल. याचा आधार मद्रास उच्च न्यायालयाचा मेट्टूर बियर्डसेल प्रकरणातला निकाल. वर्षात २४० दिवस काम झालं की ते वर्ष सलग सेवेचं धरावं, असं कायद्यातलं कलम आहे (आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम असेल तर १९० दिवस), आणि न्यायालयाने ते पाचव्या वर्षालाही लावलं. भाचीचे पाचव्या वर्षाचे २४० दिवस २९ मार्चला भरत होते. म्हणजे दावा करता आला असता. पण सगळ्या कंपन्या हे मानत नाहीत. न मानल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, तारखा, अपील. ब्याण्णव हजारांसाठी ते करायची तयारी आहे का, हे आधी ठरवावं लागतं.

जुन्या कंपनीला थेट विचारलं तर आपण निघालोय हे कळतं. म्हणून आधी कर्मचारी पुस्तिका बघा, ती आतल्या पोर्टलवर असते. तिच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: पूर्ण पाच वर्षांची सेवा. बाकी एक शब्द नाही. अशा ठिकाणी २४० दिवसांवर विसंबून राजीनामा देणं मी सांगणार नाही.

मग तिने नव्या कंपनीला दुसरा मेल लिहिला. त्यात कारण लपवलं नाही: ऑगस्टमध्ये पाच वर्षं पूर्ण होतात, आधी निघाले तर ब्याण्णव हजार बुडण्याची शक्यता आहे, रुजू तारीख ३ ऑगस्ट करता येईल का, नाहीतर या रकमेची भरपाई जॉइनिंग बोनस म्हणून होईल का. त्यांचा प्रकल्प जुलैअखेरीस सुरू होणार होता, त्यामुळे त्यांनी तारीख दिली. बोनस दिला असता तर वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट त्यात आहे का, हे वाचावं लागलं असतं. बहुधा असतेच.

एक बारीक गोष्ट राहिली होती. १ ऑगस्टला शनिवार. तिच्या विभागातल्या सवयीप्रमाणे शेवटचा दिवस शुक्रवार, ३१ जुलै लिहिला गेला असता, म्हणजे पाच वर्षांना एक दिवस कमी. साठ दिवस मोजून राजीनाम्याची तारीख ३ जून काढली आणि राजीनाम्यात स्पष्ट लिहायचं ठरलं: कार्यमुक्तीची तारीख १ ऑगस्ट २०२६. पैसे देण्याची मुदत देय झाल्यापासून तीस दिवस आहे, तेही डायरीत लिहून ठेवलं.

रुजू झाल्यावर काय पडताळायचं

लेखी उत्तरं मिळाली म्हणजे तसंच घडलं असं नाही. पहिल्या आठवड्यात पोर्टलवर सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा आधारप्रमाणे भरा. ई-कार्ड आलं की त्यावर आई-वडिलांची नावं आणि संरक्षण सुरू होण्याची तारीख वाचा. ती मेलमधल्या तारखेशी जुळली नाही तर त्याच मेलच्या साखळीत, त्याच दिवशी उत्तर टाका. महिनाभराने टाकलं तर 'तेव्हा का नाही सांगितलं' हा प्रश्न येतो.

पहिल्या पगारपत्रकात पीएफच्या ओळीत १,८०० आहे की ४,८००, हे ठरल्याप्रमाणे बघा. महिन्याचे पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणजे ऑगस्टच्या पगाराचा पीएफ सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पासबुकात दिसायला हवा. पगारातून कापला पण पासबुकात नाही, असं सलग दोन महिने झालं तर ती चूक विसरभोळेपणाची नसते. आधी पगारखात्याला मेल, आणि नाही हललं तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, पगारपत्रक जोडून.

भाचीच्या परिशिष्टात आता चार ओळी जास्त आहेत: तिचं संरक्षण ३ ऑगस्टपासून, आई-वडिलांचंही त्याच दिवसापासून (नावं २५ जुलैपर्यंत पाठवल्यास), पीएफ १५,००० वर, ग्रॅच्युइटी सीटीसीत समाविष्ट. २ ऑगस्टचा एक रविवार तेवढा मधे मोकळा राहतो. दाजींना मी सांगितलंय, त्या दिवशी सिंहगड चढू नका.